वाचन पक्कं, पण संख्या हाती लागत नाही: डिस्कॅल्क्युलियाची तपासणी कशी व्हायला हवी

प्रश्न: माझी मुलगी साडेनऊ वर्षांची आहे, चौथीत, इंग्रजी माध्यम. मराठी आणि इंग्रजी दोन्ही वाचन छान, गोष्टीचं पुस्तक एका बैठकीत संपवते. पण ८ + ५ अजून बोटांवर मोजून राहते, सदतीस म्हटलं की ७३ लिहिते, ४०० मोठे की ३९० विचारलं तर थांबते. पाढे मात्र पाठ आहेत. शाळेतल्या बाई म्हणतात लक्ष देत नाही. एका शिबिरात तासाभरात ‘डिस्कॅल्क्युलिया’ असं लिहून दिलं. खरंच आहे का? नागपुरात नीट तपासणी कशी करून घ्यावी?

उत्तर:

ताई, तुम्ही लिहिलेल्या गोष्टींचं वजन सारखं नाही. सदतीसचे ७३ होतात याची मला सगळ्यात कमी काळजी वाटते. पाढे पाठ आहेत हे ऐकून बरं वाटतं, पण संख्या समजल्याचा पुरावा म्हणून ते धरता येत नाहीत. ४०० आणि ३९० मध्ये ती थांबते, हे मात्र मी माझ्या वहीत अधोरेखित करेन. त्यात बेरीज नाही, पाठांतर नाही, लिहिणंही नाही. एक संख्या दुसरीपेक्षा मोठी आहे हे नुसतं जाणवणं आहे, आणि डिस्कॅल्क्युलियात, म्हणजे संख्याच उमगायला जड जाणाऱ्या अध्ययन अक्षमतेत, नेमकं तेच अडतं.

मी नागपुरात गेली सोळा वर्षं मुलांच्या अध्ययन अक्षमतेच्या तपासण्या करते. तुमच्या मुलीला डिस्कॅल्क्युलिया आहे की नाही हे मी इथून सांगू शकत नाही, आणि तासाभराच्या शिबिरात कुणालाही सांगता येत नाही. शिबिरातला कागद ‘पुढे तपासा’ एवढ्याच अर्थाने घ्या. निदान कशावर अवलंबून असतं हे मात्र सविस्तर सांगता येईल. म्हणजे तपासणीला गेल्यावर काय व्हायला हवं आणि काय राहून गेलं, हे तुमचं तुम्हाला कळेल.

आधी ते ७३ बाजूला काढू. मराठीत सदतीस म्हणताना सात आधी येतो आणि तीस नंतर. लिहिताना मात्र तीन आधी. हिंदीतला सैंतीस तसाच. इंग्रजीत थर्टी आधी, सेव्हन नंतर. आपल्या नागपुरातलं मूल घरी मराठीत मोजतं, खाली मैदानावर आणि दुकानात हिंदीत, आणि शाळेत इंग्रजीत. एकाच संख्येची तीन नावं, त्यातली दोन उलट्या क्रमाची. त्यात मराठीत एकोणसाठसारखे शब्द आहेत. कानाला ‘साठ’ ऐकू येतं, म्हणून मूल ६९ लिहून मोकळं होतं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी संख्यावाचनाची पद्धत आली तेव्हा राज्यभर वाद झाला. वाद कसाही असो, अडचण खरी होती, ती मी रोज टेबलावर बघते.

म्हणून मी एकच संख्या तीन वेळा सांगते, मध्ये थोडं अंतर ठेवून: ‘सदतीस’, ‘थर्टी सेव्हन’ आणि ‘तीस आणि सात’. पहिल्याला ७३ आणि बाकी दोन्हीला ३७ आलं, तर गोंधळ शब्दाचा आहे. तिन्ही वेळा चुकलं, तर दशक-एकक याबद्दलच शंका घ्यायची. आणि तिन्ही बरोबर आलं तरी मी तिथे थांबत नाही. आइसक्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे आणि सुट्या काड्या समोर ठेवून म्हणते, ‘आता हे ३७ मला काड्यांनी दाखव.’ कारण ३७ बरोबर लिहिणं हे हात आणि कान दोघं मिळून उरकू शकतात. त्याच्यामागे तीन गठ्ठे आणि सात काड्या उभ्या आहेत का, ते वेगळं बघावं लागतं.

आता एका मुलाची तपासणी पहिल्यापासून सांगते. तुमच्या मुलीशी ती बरीच जुळते. नाव बदललं आहे, त्याला ईशान म्हणू. वय नऊ वर्षं चार महिने, चौथी, घरी मराठी, शाळा इंग्रजी. त्याच्या आईने मला पहिल्यांदा त्याचं वाचन ऐकवलं. पाचवीच्या इतिहासाच्या पुस्तकातलं एक पान त्याने न अडखळता वाचलं आणि त्यातली गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगितली. हे दुसरं महत्त्वाचं. नुसतं भराभर वाचणं आणि वाचलेलं कळणं यांत फरक असतो. वाचलेलं कळत नसेल तर तपासणीची दिशाच बदलते.

तपासणी मी तीन सकाळींत केली, दर वेळी पाऊण तास. संध्याकाळी शाळा आणि ट्यूशन आटोपून आलेल्या मुलाची तपासणी मी करत नाही. दमलेल्या मुलाचं गणित सगळ्यात आधी कोसळतं, आणि मग आपण थकव्याला अक्षमता समजून बसतो.

पहिल्या दिवशी कागद-पेन्सिल नव्हतीच. टेबलावर चिंचोके आणि एक वाटी. दोन चिंचोके ठेवले, साधारण सेकंदभर दाखवले, वाटीने झाकले. ‘किती?’ ‘दोन.’ तीन ठेवले, ‘तीन,’ लगेच. चार ठेवले. वाटी झाकल्यावर तो वाटीकडेच बघत राहिला, ओठ हलले, मग म्हणाला, ‘पाच?’ तीन-चार वस्तू मोजाव्या लागत नाहीत, त्या एका नजरेत कळतात. ही शक्ती माणसाला शाळेत जायच्या खूप आधीपासून असते आणि नवव्या वर्षी चारपर्यंत ती पक्की असायला हवी. मी वेगवेगळ्या मांडणीत चार चिंचोके आठ वेळा दाखवले. फाशावर असतात तसे चौकोनात ठेवले की तो बरोबर सांगायचा, कारण तो आकार ओळखीचा. विस्कटून ठेवले की आठपैकी बहुतेक वेळा चुकायचा.

मग बारा चिंचोके मोजायला दिले. त्याने एकेक सरकवत नीट मोजले. त्याच्या डोळ्यांदेखत मी त्यात एक टाकला. ‘आता किती?’ त्याने सगळे जवळ ओढले आणि एकपासून पुन्हा सुरुवात केली. मी म्हटलं, ‘अरे, आत्ताच तर मोजलेस.’ तर म्हणाला, ‘थांबा नं मॅडम, मी मोजून राहिलो.’ तेरा बरोबर आले. शाळेच्या पेपरात त्याला पूर्ण गुण मिळाले असते. पण बारानंतर एक वाढला की तेरा, हे त्याला मोजल्याशिवाय माहीत नव्हतं. त्याच्यासाठी बारा हा आकडा म्हणजे मोजणी जिथे थांबली ती जागा होती, एक प्रमाण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कागद आला. छापील जोड्या होत्या: २ आणि ९, ८ आणि ९, ३ आणि ४, १ आणि ७ अशा. जो मोठा त्यावर खूण करायची. बहुतेक मुलं २ आणि ९ वर झटक्यात खूण करतात, ८ आणि ९ वर जराशी रेंगाळतात, कारण जवळच्या संख्या वेगळ्या करायला मेंदूला थोडा जास्त वेळ लागतो. ईशानला दोन्हींना सारखाच वेळ लागत होता. मी त्याच्या ओठांकडे बघितलं. तो मनात एकपासून म्हणत होता आणि जो नंतर येईल तो मोठा ठरवत होता. एकही उत्तर चुकलं नाही. गुणपत्रिकेत हे कधीच दिसलं नसतं, म्हणून मी घड्याळाइतकीच ओठांवर नजर ठेवते.

त्यानंतर वीस सेंटीमीटरची एक रेघ. डाव्या टोकाला ०, उजव्या टोकाला १००, मध्ये काहीच नाही. एकेक संख्या सांगायची आणि ती कुठे येईल तिथे त्याने उभी रेघ मारायची, दर वेळी नव्या कागदी पट्टीवर. ६ त्याने चार सेंटीमीटरवर मारला, खरं तर तो सव्वा सेंटीमीटरच्या आत हवा. २७ त्याने रेघेच्या मध्याच्याही थोडा पुढे मारला, तो साडेपाच सेंटीमीटरच्या आसपास हवा. ७२ आणि ९० यांच्यात जेमतेम दोन सेंटीमीटर, तिथे साडेतीनपेक्षा थोडं जास्त अंतर हवं. म्हणजे लहान संख्या ऐसपैस पसरलेल्या आणि मोठ्या उजव्या टोकाला दाटीवाटीने बसलेल्या. पाच-सहा वर्षांची बहुतेक मुलं अशीच रेघ काढतात. दुसरी-तिसरीपर्यंत, १०० पर्यंतच्या रेघेवर बहुतेकांची अंतरं सारखी होतात. चौथीतल्या ईशानच्या मनातली रेघ अजून त्या पाच-सहा वर्षांच्या मुलांसारखीच होती. तुमच्या मुलीचं ४०० आणि ३९० मध्ये थांबणं मला इथे आठवतं.

आणि पाढे. ईशान सातचा पाढा चालीत म्हणायचा, सात एके सात, सात दुणे चौदा, सात त्रिक एकवीस, एकही चूक नाही. मी विचारलं, ‘सात सक?’ त्याने पहिल्यापासून सुरू केलं आणि बेचाळीसवर येऊन थांबला. मग विचारलं, ‘सात पाचा पस्तीस आणि सात सक बेचाळीस. मध्ये किती वाढले?’ तो माझ्याकडे बघत राहिला. सातच्या पाढ्यात दर पायरीला सात वाढतात, हे त्याला कधी दिसलंच नव्हतं. पाढा त्याच्यासाठी श्लोकासारखा होता. ज्या मुलांचं वाचन आणि भाषा चांगली असते त्यांची शब्दांची आठवण बहुतेक वेळा तगडी असते, आणि तीच आठवण दोन-तीन वर्षं गणितातली उणीव झाकून ठेवते. म्हणूनच ही मुलं उशिरा, तिसरी-चौथीत सापडतात. वाचनात अडखळणारं मूल पहिलीतच शिक्षकांच्या कानावर येतं, हे मात्र शांतपणे निसटतं. मग सगळे म्हणतात, एवढा हुशार आहे, म्हणजे गणितात आळसच करत असणार. ईशानला हे दोन वर्षं ऐकावं लागलं होतं.

तिसऱ्या दिवशी अंदाज. ‘संत्री साठ रुपये डझन. मग एक संत्रं साधारण कितीला, पाच रुपयांना की पन्नास?’ प्रश्न त्याने स्वतः वाचला, डझन म्हणजे बारा हेही सांगितलं, आणि उत्तर दिलं पन्नास. अख्ख्या डझनाला साठ लागतात तर एकालाच पन्नास कसे, हा खटका त्याला बसला नाही. गणित करता न येणं वेगळं आणि उत्तर अशक्य आहे हे न खटकणं वेगळं. मी दुसऱ्याकडे जास्त लक्ष देते.

एवढं झाल्यावरही मी ‘डिस्कॅल्क्युलिया’ लिहिलं नाही. असंच चित्र इतर कारणांनीही उभं राहू शकतं, आणि ती एकेक तपासून बाजूला काढावी लागतात.

पहिलं कारण भीतीचं. भीती असलेलं मूल कागदावर आणि घड्याळासमोर गोठतं, पण दुकानात सुटे पैसे बरोबर मोजून घेतं. म्हणून मी तेच प्रश्न गप्पांच्या ओघात, घड्याळ बाजूला ठेवून परत विचारते. ईशानला दोन्हीकडे सारखंच अडत होतं. भीती त्याला होतीच, तीन वर्षं चुकल्यावर ती येणारच, पण ती मूळ नव्हती. दुसरं कारण लक्षाचं, तुमच्या बाई म्हणतात ते. लक्ष उडणाऱ्या मुलाच्या चुका एकसारख्या नसतात. ते वजाबाकीचं चिन्ह न बघता बेरीज करतं, पण चिन्हावर बोट ठेवलं की लगेच बरोबर करतं. सकाळी येतं ते संध्याकाळी येत नाही. ईशानच्या चुका मात्र तीन सकाळी त्याच त्या जागी होत्या, आणि बोट दाखवून काही उपयोग होत नव्हता. एक सांगते, लक्षाची अडचण आणि डिस्कॅल्क्युलिया एकाच मुलात असू शकतात. एक सापडलं म्हणून दुसरं शोधणं थांबवायचं नाही.

तिसरं कारण सगळ्यात जास्त वेळा डोळ्यांआड होतं: नीट शिकवलंच गेलं नसणं. शाळा बदलली, दुसरीत दोन महिने आजारपण, वर्गात साठ मुलं, किंवा पहिल्या दिवसापासून थेट उभी मांडणी आणि हातचा. हे नुसत्या चाचणीने कळत नाही, शिकवून बघावं लागतं. निदानाचे निकष स्वतःच सांगतात की नेमकी मदत देऊनही अडचण किमान सहा महिने टिकली पाहिजे. ईशानच्याच वर्षी एक मुलगी आली होती, चौथीतलीच, पट्टीवर तिच्याही रेघा दाटीच्या, ८ + ५ बोटांवर. काड्यांचे गठ्ठे आणि पट्टी घेऊन आमच्या विशेष शिक्षिका आठवड्यातून तीनदा तिच्यासोबत बसल्या. सहा आठवड्यांत तिच्या रेघेवरची अंतरं सारखी झाली. दुसरीत असताना ती दीर्घ आजारी होती, एवढंच कारण. पहिल्या दिवशीच्या कागदांवरून मी लिहून दिलं असतं, तर तिच्या माथी चुकीचा शिक्का बसला असता. ईशानसोबत तेच काम, त्याच बाईंनी, सहा महिने केलं. त्याच्यात बदल झाला, पण फार सावकाश. चार चिंचोके विस्कटून ठेवले की तो सहा महिन्यांनंतरही मोजायचा. निदान मी तेव्हा लिहिलं.

तुमची मुलगी आहे, म्हणून आणखी एक गोष्ट. भाषा आणि वाचन चांगलं, गणित आणि आकार-दिशा यांत अडचण, आणि त्यासोबत उंची वर्गातल्या मुलींत सगळ्यात कमी, असं असेल तर बालरोगतज्ज्ञांकडून तिचा उंचीचा आलेख एकदा बघून घ्या. टर्नर सिंड्रोम नावाची गुणसूत्रांची एक स्थिती फक्त मुलींत असते, तिच्यात हे चित्र दिसतं, आणि वेळेत कळलं तर उपचारांचा फायदा होतो. बहुतेक मुलींना हे नसतं. उंची वयाप्रमाणे असेल तर हा परिच्छेद सोडून द्या. वेळेच्या आधी जन्मलेल्या मुलांतही गणिताची अडचण जास्त दिसते, म्हणून जन्माची माहिती तपासणाऱ्यांना न विसरता सांगा. डोळे आणि कान आधीच तपासून ठेवा.

आता चाचण्यांबद्दल. बुद्धिमापनासाठी आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी मालिनची चाचणी वापरतात. डॉ. मालिन यांनी ती नागपुरातच भारतीय मुलांसाठी तयार केली, १९६९ मध्ये ती आली, आणि आजही ती देशभर चालते. तिच्यातली एक उपचाचणी अंकगणिताची आहे. डिस्कॅल्क्युलिया असलेलं मूल तिथे आपटतं आणि एकूण बुद्ध्यांक खाली ओढला जातो. ईशानचा शब्दसंग्रह वयाच्या बराच पुढे होता आणि अंकगणित बरंच मागे. दोघांची सरासरी ‘साधारण’ निघाली, आणि ती सरासरी त्याच्यातल्या कशाचंच वर्णन करत नव्हती. म्हणून अहवालात एकच आकडा असेल तर समाधान मानू नका. उपचाचण्यांचे वेगवेगळे गुण मागा, तो तुमचा हक्क आहे.

अध्ययन अक्षमतेसाठी निमहॅन्स या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेची चाचणीमाला वापरतात. प्रमाणपत्राच्या कामी ती चालते आणि मीही वापरते. पण तिच्यातला गणिताचा भाग मुख्यतः कागदावरच्या बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकाराचा आहे. ट्यूशनमध्ये रीत घोटून घेतलेलं मूल बोटं मोजत, वेळ घेत, त्यातलं बरंच सोडवतं. उलट रीतच न शिकवलेलं मूल संख्या उत्तम समजत असूनही त्यात अडकतं. त्यामुळे या चाचणीने काय येत नाही ते कळतं, का येत नाही ते कळत नाही. तपासणाऱ्यांना तुम्ही सरळ विचारा: मुलीने उत्तर कसं काढलं हे तुम्ही बघितलंत का? संख्यारेषा, नुसत्या नजरेने ओळखणं, लहान-मोठं ठरवणं यातलं काही घेतलंत का? संख्या कोणत्या भाषेत सांगितल्या? या तिन्हींची उत्तरं अहवालात नसतील तर तपासणी अर्धी झाली असं समजा. चाचणी इंग्रजीत झाली आणि मूल मनात मराठीत मोजत असेल, तर लागलेल्या वेळेचा अर्थही बदलतो. मी प्रत्येक मुलाला विचारते, ‘तू मनातल्या मनात कोणत्या भाषेत मोजतोस?’ ईशानने थोडा विचार करून सांगितलं, ‘दहापर्यंत मराठी, मग इंग्लिश.’

प्रमाणपत्राचं थोडक्यात सांगते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता समाविष्ट आहे आणि डिस्कॅल्क्युलिया तिच्यातच येतो. २०१८ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार आठ वर्षांच्या आधी प्रमाणपत्र मिळत नव्हतं, आणि पुढे चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी असायची. या सूचना २०२४ मध्ये सुधारल्या गेल्या, म्हणून जाण्याआधी सध्याचा क्रम विचारून घ्या. प्रमाणपत्र शासनाने अधिकृत केलेल्या सरकारी रुग्णालयातूनच मिळतं, खासगी अहवाल त्याची जागा घेत नाही. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर होतो. नागपुरात कोणत्या रुग्णालयात कोणत्या दिवशी ही तपासणी होते ते फोन करून विचारा, दिवस बदलत असतात. जास्तीचा वेळ, कॅल्क्युलेटर यांसारख्या सवलती पुढे बोर्डाच्या परीक्षेत लागतात आणि त्या शाळेमार्फत मागायच्या असतात. चौथीत मात्र त्यासाठी घाई करू नका. आत्ता मदत सुरू होणं महत्त्वाचं, आणि ती प्रमाणपत्रासाठी थांबत नाही.

मदत सुरू करायला निदानाचीही वाट बघावी लागत नाही. ईशानच्या सहा महिन्यांत आम्ही नवा धडा एकही घेतला नाही. रोज वीस मिनिटं, तीच संख्या तीन रूपांत: काड्या, पट्टीवरची जागा आणि लिहिलेला आकडा. आधी दहापर्यंत, दहा पक्के झाल्यावर वीस. संख्या ‘तीस आणि सात’ अशीच बोलायची, ‘सदतीस’ नंतर जोडायचं. ८ + ५ साठी बोटं बंद केली नाहीत. फक्त एकपासून मोजण्याऐवजी आठ मनात धरून पुढे नऊ, दहा, अकरा असं चालायचं, आणि मग दहा घरांची चौकट दाखवून आठला दोन दिले की दहा, वर तीन. हे त्याला जमायला अकरा आठवडे लागले. बोटं जबरदस्तीने खाली ठेवायला लावली असती तर त्याच्याजवळची एकमेव काठीच काढून घेतल्यासारखं झालं असतं. तुमच्याकडेही ‘आता मोठी झालीस, बोटं नको’ हे कुणी म्हणत असेल तर कृपा करून थांबवा.

घरी तुम्ही तीन गोष्टी बघून ठेवा. चिंचोके-वाटीचा खेळ चारपर्यंत, विस्कटून. ३७ आणि ५९ तीन प्रकारे सांगून काय लिहिते ते. आणि वीस सेंटीमीटरच्या रेघेवर ६, २७, ७२. एकदाच करा आणि चुकलं तरी दुरुस्त करू नका. सराव झाला की तपासणीत खरं चित्र दिसत नाही. तिचं उत्तर काय आलं याच्याखाली तिने ते कसं काढलं हे एका ओळीत लिहा: बोटं, ओठ, पहिल्यापासून की पुढून. त्यावरून निदान करू नका, तो कागद फक्त पहिल्या भेटीत तपासणाऱ्यांच्या हाती द्या.

आणि तिच्या पहिलीपासूनच्या गणिताच्या वह्या रद्दीत गेल्या नसतील तर त्या सोबत न्या. ईशानच्या पहिलीच्या वहीत एक पान होतं, ‘किती ते लिही’ असं, चार फुगे आणि त्याखाली खोडून दोनदा लिहिलेला आकडा. अडचण चौथीत आली नव्हती हे मला आणि त्याच्या आईला त्या पानावरून एकाच वेळी कळलं.